कर्जनकाराचा मेसेज कसा वाचावा : स्कोअर, युटिलायझेशन आणि महिनाअखेरचा हिशोब

‘क्षमस्व, आपला कर्जाचा अर्ज मंजूर होऊ शकला नाही. कारण : लो क्रेडिट स्कोअर, हाय क्रेडिट युटिलायझेशन.’ अशा अर्थाचा मेसेज हल्ली अर्ज केल्यावर काही मिनिटांतच मोबाइलवर येऊन पडतो. पूर्वी बँकेचे साहेब समोर बसवून ‘जमणार नाही’ म्हणायचे, तेव्हा निदान ‘का?’ असे विचारता तरी येत होते. आता कारण लिहून येते, पण ते कळतेच असे नाही. पुण्यात स्वारगेटच्या एसटी स्थानकाभोवती, शंकरशेट रस्त्यावर, मुकुंदनगरात आणि पुढे मार्केट यार्डापर्यंत छोट्या धंद्यांची दाट वस्ती आहे. नाश्त्याची हॉटेले, टपऱ्या, टेम्पोवाले आणि किराणा दुकानदार यांना रोज पैसा फिरवावा लागतो. फ्रीजसाठी, टेम्पोसाठी किंवा दुकानाच्या डागडुजीसाठी त्यांनी अर्ज केला आणि हा मेसेज आला, की बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया एकच असते : ‘मी तर एकही हप्ता चुकवलेला नाही!’

ही तक्रार खरी असू शकते आणि तरीही मेसेज चुकीचा असेलच असे नाही. त्या ओळीत दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. स्कोअर हा वर्षानुवर्षांच्या व्यवहारांचा निकाल असतो. युटिलायझेशन हे त्या निकालात शिरणाऱ्या अनेक कारणांपैकी एक कारण. हप्ता वेळेवर भरला की नाही याच्याशी त्याचा थेट संबंध नसतो. हातात असलेल्या उधारीच्या मर्यादेपैकी ठरावीक दिवशी किती वापरलेली दिसली, एवढेच ते सांगते. स्कोअरच्या इतर बाजू सुधारायला महिने किंवा वर्षे लागतात, पण ही बाजू एका पंधरवड्यातही बदलू शकते. म्हणून या मेसेजमध्ये समजून घेण्यासारखे सर्वांत जास्त काही असेल, तर ते दुसऱ्या कारणात आहे.

स्कोअर कोण काढते

कर्जदाराच्या सवयींवरून आकडा काढण्याची पद्धत अमेरिकेतून आली. बिल फेअर आणि अर्ल आयझॅक यांनी १९५६ मध्ये काढलेल्या कंपनीने तिचा पाया घातला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सिद्दिकी समितीच्या शिफारशींनंतर २००० मध्ये ‘सिबिल’ ही कंपनी उभी राहिली. पुढे २००५ मध्ये संसदेने कर्जमाहिती कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. आज अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सर्वांत आधी आलेल्या कंपनीचे नाव इतके रुळले, की ‘माझे सिबिल खराब आहे’ असेच आपण म्हणतो. मग आकडा चारांपैकी कोणत्याही कंपनीचा असो.

यातूनच एक नेहमीचा गोंधळ होतो. मोबाइलमधल्या पेमेंट ॲपवर ७६० दिसतात आणि बँक म्हणते ६९५. दोघेही खोटे बोलत नसतात. ॲपने एका कंपनीचा अहवाल घेतलेला असतो आणि बँकेने दुसऱ्या कंपनीचा. शिवाय दोन्हींच्या तारखा वेगळ्या असतात आणि गणितही वेगळे असते. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो, पण प्रत्येक कंपनीचे सूत्र तिचे स्वतःचे आहे आणि ते पूर्ण उघड केलेले नाही. मुख्य घटक मात्र सर्वांना ठाऊक आहेत : परतफेडीची शिस्त, उधारीचा वापर, कर्जे किती जुनी आणि कोणत्या प्रकारची आहेत, आणि अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले.

या यादीत काय नाही, हेही पाहायला हवे. पगार, दुकानाचा गल्ला, बँकेतली मुदत ठेव, नावावरची जागा, यांपैकी काहीच स्कोअर ठरवत नाही. म्हणजे स्कोअर माणूस श्रीमंत आहे की नाही ते सांगत नाही. उसने घेतलेल्या पैशाशी तो कसा वागतो, एवढेच सांगतो. उत्पन्न आणि हप्ते यांची सांगड बँक स्वतः घालते. दरमहा साठ हजार मिळकत आणि तीस हजारांचे हप्ते असतील, तर स्कोअर ८०० असूनही नकार मिळू शकतो. तो वेगळा नकार. त्याला युटिलायझेशन म्हणत नाहीत, जरी बोलताना दोन्हींची सरमिसळ होते.

किमान किती स्कोअर हवा, हा पुढचा प्रश्न. ‘साडेसातशे पाहिजेच’ असे सर्रास सांगितले जाते, पण रिझर्व्ह बँकेने असा कोणताही किमान आकडा ठरवलेला नाही. प्रत्येक बँक किंवा वित्त कंपनी आपली रेषा स्वतः आखते आणि तारण, रक्कम, मुदत पाहून ती बदलते. सोनेतारणाला जो आकडा चालतो, तो विनातारण कर्जाला चालेलच असे नाही. ज्याने आयुष्यात कधीच कर्ज घेतले नाही, त्याच्या अहवालात आकडाच नसतो. केवळ या कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२५ च्या निर्देशांचा हवाला देऊन केंद्र सरकारने त्याच वर्षी संसदेत स्पष्ट केले.

युटिलायझेशन म्हणजे नेमके काय

गणित साधे आहे. क्रेडिट कार्डांवरची थकलेली रक्कम भागिले त्या कार्डांची एकूण मर्यादा, गुणिले शंभर. मर्यादा एक लाख आणि बाकी तीस हजार, तर युटिलायझेशन तीस टक्के. गृहकर्ज किंवा वाहनकर्ज यात धरत नाहीत, कारण त्यांत पूर्ण रक्कम एकदाच उचलली जाते आणि मग कमी होत जाते. पुन्हापुन्हा वापरता येणारी उधारी असते तिथेच हा हिशोब लागू होतो. कार्ड हे त्याचे मुख्य उदाहरण. एकल मालकीच्या धंद्यातले ओव्हरड्राफ्ट किंवा कॅश क्रेडिट खाते मालकाच्या पॅनवर असते, त्यामुळे कर्ज देणारा तेही बघतो.

इथे ‘थकलेली’ म्हणजे मुदत उलटलेली नव्हे. काल कार्डावर घेतलेला तेलाचा डबाही आज त्या बाकीत असतो, जरी त्याचे बिल यायला अजून पंधरा दिवस असले तरी. कार्डावर हप्त्यांनी घेतलेल्या मोबाइलची उरलेली रक्कमही त्यात असते. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागल्यावर छोट्या दुकानदारांची ही बाकी अधिकच वाढू लागली. भाजी, दूध, पॅकिंगचे साहित्य अशा ज्या गोष्टी पूर्वी रोखीत व्हायच्या, त्या आता क्यूआर कोड स्कॅन करून थेट कार्डावर जातात.

तीस टक्क्यांच्या आत राहा, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. तो अनुभवावर आधारलेला अंदाज आहे, कायदा नाही. एकतीस टक्क्यांना आकाश कोसळत नाही. मर्यादेच्या जितके जवळ जाऊ, तितका धोका अधिक मानला जातो, एवढेच. त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. कर्ज बुडण्याच्या आधीच्या महिन्यांत माणसाची कार्डे बहुधा काठोकाठ भरलेली सापडतात. त्यामुळे कार्ड भरलेले दिसले, की गणिताला संकटाची चाहूल लागते. हा माणूस खरोखर अडचणीत आहे, की त्याची मर्यादाच धंद्याच्या मानाने तोकडी आहे, हा फरक त्या गणिताला कळत नाही.

स्वारगेटच्या एका हॉटेलचा महिना

हा फरक कळण्यासाठी एक कल्पित पण रोजच्या व्यवहाराला धरून असलेला हिशोब मांडू. एसटी स्थानकाजवळ पोहे, मिसळ आणि चहाचे छोटे हॉटेल चालवणारा एक मालक आहे असे समजा. त्याच्याकडे दोन कार्डे आहेत. पहिले रुपे कार्ड यूपीआयला जोडलेले, मर्यादा ६०,००० रुपये. दुसरे जुने, मर्यादा १,४०,००० रुपये, आणि त्यावर हप्त्यांनी घेतलेल्या मिक्सर-ग्राइंडरचे १८,००० रुपये बाकी.

पहिल्या कार्डाचे बिल दर महिन्याच्या १२ तारखेला तयार होते आणि पैसे भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची १. महिन्याचा किराणा भरायला तो ५ ते ११ तारखेच्या दरम्यान मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात जातो आणि ३६,००० रुपयांचा माल कार्डावर घेतो. १२ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत किरकोळ खरेदीचे ९,००० रुपये होतात. म्हणजे दर महिन्याला ४५,००० चे बिल येते आणि दर १ तारखेला तो ते पूर्ण भरतो. आजवर एक रुपयाही व्याज दिलेले नाही आणि एकदाही उशीर केलेला नाही.

आता हेच खाते कर्जमाहिती कंपनीच्या बाजूने पाहू. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती पंधरवड्याने द्यावी लागते : एकदा १५ तारखेची स्थिती आणि एकदा महिन्याच्या शेवटच्या दिवसाची. १५ तारखेला पहिल्या कार्डावर ४५,००० बाकी असते, म्हणजे ७५ टक्के. महिनाअखेरीस त्यात ९,००० ची भर पडून बाकी ५४,००० होते, म्हणजे ९० टक्के. दुसऱ्याच दिवशी तो ४५,००० भरतो आणि बाकी ९,००० वर, म्हणजे १५ टक्क्यांवर येते. पण त्या दिवशी हिशोब घ्यायला कुणी आलेले नसते. चार दिवसांनी किराण्याची फेरी सुरू होते आणि पुन्हा पंधरा तारीख उजाडते. महिन्यातून जे चार-पाच दिवस खाते हलके असते, ते कधीच नोंदवले जात नाहीत. डेपोतल्या बसगाड्या फक्त रात्रीच मोजल्या, तर दिवसभर रिकामा असणारा डेपोही कायम भरलेलाच दिसेल. तसे हे आहे.

यात बँकेची लबाडी नाही आणि मालकाचीही चूक नाही. बिल भरण्याची शेवटची तारीख आणि माहिती पाठवण्याची तारीख या दोन वेगळ्या तारखा आहेत. पहिली व्याज टाळण्यासाठी, दुसरी अहवालासाठी. मालकाने आयुष्यभर पहिलीच पाळली.

उपाय त्याच हिशोबात आहे. १ तारखेऐवजी २८ तारखेलाच ४५,००० भरले, तर महिनाअखेरीस बाकी ९,००० राहते आणि अहवालात ९० ऐवजी १५ टक्के जातात. फक्त तीन दिवसांचा फरक. पंधरा तारखेसाठी बिल आल्या आल्या, १३ तारखेला ३०,००० भरले, तर बाकी १५,००० उरते, म्हणजे २५ टक्के, आणि उरलेले १५,००० त्याने २८ तारखेला भरावेत. हॉटेलचा गल्ला रोज रोख येतो, त्यामुळे हे जमण्यासारखे आहे. ज्याचा पगार १ तारखेला होतो, त्याला तितके सोपे नाही. दोन-तीन दिवस आधी भरायचे, कारण भरलेली रक्कम कार्डाच्या खात्यात दिसायला कधीकधी एखादा दिवस लागतो.

एवढे करून लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज करण्यात अर्थ नाही. पंधरवड्याची माहिती पाठवायला बँकेला सात दिवस असतात आणि ती अहवालात उतरवायला कंपनीला आणखी काही दिवस लागतात. महिनाअखेरची स्थिती पुढच्या महिन्याच्या साधारण १२ तारखेपर्यंत दिसते असे धरावे. तोवर थांबून, अहवाल स्वतः पाहून मगच पाऊल टाकावे.

‘एक कार्ड बंदच करून टाकतो’

नकार आल्यावर बरेच जण जे करतात, ते आपल्या मालकानेही केले असे समजा. त्याने दुसऱ्या कार्डाचे १८,००० फेडले आणि ‘नको ते लफडे’ म्हणून ते कार्ड बंद केले. घरच्या शहाणपणाने पाहिले तर हे चांगलेच. कर्ज ७२,००० वरून ५४,००० वर आले. पण टक्क्यांत काय झाले ते पाहा. आधी महिनाअखेरीस एकूण बाकी ७२,००० आणि एकूण मर्यादा २,००,००० होती, म्हणजे ३६ टक्के. आता बाकी ५४,००० आणि मर्यादा ६०,०००, म्हणजे ९० टक्के. कर्ज कमी झाले आणि युटिलायझेशन अडीचपट वाढले.

१८,००० फेडून कार्ड चालू ठेवले असते, तर ५४,००० भागिले २,००,००० म्हणजे २७ टक्के झाले असते. त्यामुळे जुने कार्ड बंद करायचेच असेल, तर ते मोठे कर्ज मिळाल्यावर करावे, आधी नव्हे. वार्षिक शुल्क जड असेल, किंवा कार्ड हाताशी असले की खर्च आवरत नसेल, तर ते बंद करणे केव्हाही बरे. तिथे स्कोअरचा विचार दुय्यम ठरतो.

मर्यादा वाढवून घेणे हा दुसरा मार्ग. ६०,००० ची मर्यादा १,२०,००० झाली, तर त्याच खरेदीचे ९० टक्क्यांचे ४५ टक्के होतात. मात्र कार्ड देणारी बँक ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवू शकत नाही, आणि विनंती केल्यावर ती पुन्हा अहवाल मागवून तपासणी करू शकते. कर्जाचा अर्ज तोंडावर असताना हे करू नये.

आणखी एक गोष्ट टाळावी : नकार मिळाल्याच्या रागात त्याच आठवड्यात पाच ॲपवर पाच अर्ज करणे. प्रत्येक अर्जाबरोबर त्या संस्थेची चौकशी अहवालात नोंदवली जाते. एकापाठोपाठ एक अशा नोंदी दिसल्या, की पुढच्याला वाटते, याला पैशांची फारच निकड आहे आणि इतरांनी नाही म्हटले आहे. आपला अहवाल आपणच पाहिला तर मात्र स्कोअर कमी होत नाही. ही भीती निराधार आहे.

जे अहवालात येतच नाही

या परिसरातल्या धंद्यांची एक वेगळी अडचण आहे आणि ती पुण्या-मुंबईबाहेरही, उभ्या महाराष्ट्रात आहे. आपल्या मालकाने एखाद्या पतसंस्थेत पंधरा वर्षे रोज पिग्मी भरली असेल, तिथून तीनदा कर्ज घेऊन वेळेत फेडले असेल, भिशीतही कधी मागे राहिला नसेल. मार्केट यार्डातला व्यापारी त्याला महिन्याची उधारी डोळे मिटून देत असेल. यांतले जवळजवळ काहीच अहवालात दिसत नाही. बँका, नागरी सहकारी बँका आणि वित्त कंपन्या कर्जमाहिती कंपन्यांच्या सभासद असतात आणि नियमित माहिती देतात. बहुतेक पतसंस्था या साखळीत नाहीत.

परिणाम असा होतो, की ज्याची बाजारात पत सर्वांत जास्त, त्याचा अहवाल सर्वांत कोरा असतो. आणि कोऱ्या अहवालात एकच लहान मर्यादेचे कार्ड असले, तर सगळे वजन त्या एका कार्डावर येते. दहा वर्षांचे गृहकर्ज फेडत असलेल्या माणसाच्या अहवालात ९० टक्क्यांचे एक कार्ड लपून जाऊ शकते. दुसरे कार्ड बंद केल्यावर आपल्या मालकाच्या अहवालात त्याच्याशिवाय बघण्यासारखे काहीच नाही.

उलटही घडते. सहकारी बँकांत जामीनदार होण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मेव्हण्याच्या, शेजाऱ्याच्या, दुकानातल्या जुन्या कामगाराच्या कर्जाला सही केलेली असते आणि माणूस ती विसरून जातो. ते कर्ज जामीनदाराच्या अहवालात जामीनदार म्हणून दिसते आणि त्याचे हप्ते थकले, तर झळ त्यालाही बसते. ‘लो स्कोअर’ असे कारण आले आणि स्वतःचे सगळे व्यवहार स्वच्छ असतील, तर पहिला शोध या सहीचा घ्यावा.

अहवालाच्या या अपुरेपणावरून महाराष्ट्रात वाद झाला तो पीककर्जाच्या निमित्ताने. बँका शेतकऱ्यांना सिबिलचे कारण देऊन पीककर्ज नाकारतात, अशा तक्रारी वाढल्या. तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना सुनावले, की पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका, घातली तर गुन्हे दाखल करू. शेतकऱ्यांच्या बाजूने युक्तिवाद असा, की पाऊस आणि भाव माणसाच्या हातात नसतात, तेव्हा दरमहा हप्ता भरणाऱ्या नोकरदारासाठी बनवलेली मोजपट्टी शेतकऱ्याला लावणे गैर आहे. बँकांची बाजू अशी, की ठेवीदारांचा पैसा देताना मागचा इतिहास न पाहणे बेजबाबदारपणाचे होईल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. शहरातल्या हंगामी धंद्यांनाही यातला पहिला युक्तिवाद लागू पडतो, पण त्यांच्यासाठी अशी बैठक अजून झालेली नाही. शैक्षणिक कर्जाबाबत केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले, की विद्यार्थ्याचा स्कोअर कमी आहे एवढ्याच कारणाने बँकेने अर्ज नाकारू नये. म्हणजे काही कर्जांत हा आकडा निर्णायक असू नये, हा विचार न्यायालयापर्यंत पोहोचला आहे.

अहवाल उघडल्यावर काय पाहावे

चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल, स्कोअरसकट, मोफत देणे रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून बंधनकारक केले आहे. म्हणजे वर्षात चार अहवाल फुकट मिळू शकतात. नकाराच्या मेसेजनंतर ते मागवावेत आणि प्रत्येक कार्डाच्या नोंदीत तीन रकाने पाहावेत : `Credit Limit`, `Current Balance` आणि `Date Reported`. बाकी भागिले मर्यादा करून टक्के काढावेत आणि त्या तारखेला आपल्या कार्डावर खरोखर तेवढी बाकी होती का, हे स्वतःच्या स्टेटमेंटशी ताडून पाहावे.

तपासताना साधारण तीन शक्यता निघतात. पहिली, आकडे बरोबर आहेत आणि टक्के जास्त आहेत. मग वर सांगितलेला तारखांचा उपाय करायचा. दुसरी, आकडे जुने आहेत. कार्ड सहा महिन्यांपूर्वी बंद केले, पण तारीख त्याच्याही आधीची आणि बाकी तशीच. तिसरी, मर्यादेचा रकाना रिकामा आहे किंवा चुकीचा आहे. मर्यादा नसेल तर काही पद्धतींत त्या कार्डावर आजवर झालेला सर्वोच्च वापर, म्हणजे `High Credit` हा आकडा, मर्यादा म्हणून धरला जातो. एक लाखाची मर्यादा असून माणसाने कधी तीस हजारांहून जास्त वापरलेच नसेल, तर पंचवीस हजारांची बाकी त्याला पंचवीसऐवजी ८३ टक्क्यांवर नेऊन ठेवते. काटकसरी माणसालाच इथे फटका बसतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या शक्यतेत दुरुस्तीची तक्रार करायची. ती कर्जमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर करता येते किंवा थेट बँकेकडे. कंपनी स्वतःहून आकडा बदलू शकत नाही. ती बँकेला विचारते आणि बँकेने मान्य केले तरच बदल होतो, म्हणून दोन्हीकडे लिहिणे चांगले. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या आदेशानुसार तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळायला हवी. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` या संकेतस्थळावर जाता येते. कर्जमाहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्यांकडे मात्र जाऊ नये. चुकीची नोंद आपण फुकट दुरुस्त करून घेऊ शकतो आणि खरी नोंद पैसे देऊनही कुणी पुसू शकत नाही.

या उपायाची मर्यादा

तारखा सांभाळून युटिलायझेशन कमी दाखवणे यात फसवणूक नाही, पण त्याने कर्जाचा बोजा कमी होत नाही हेही खरे. आपल्या हॉटेलमालकाकडे पैसे होतेच, तो फक्त तीन दिवस उशिरा भरत होता. त्याच्या बाबतीत अहवालातले ९० टक्के हे परिस्थितीचे चुकीचे चित्र होते. पण जो माणूस दर महिन्याला किमान रक्कम भरून उरलेली बाकी पुढे ढकलतो, त्याचे ९० टक्के हे खरे चित्र आहे. कार्डावरचे व्याज वर्षाला तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात जाते. त्याला तारखांचा सल्ला देणे निरुपयोगी आहे. त्याने नवे कर्ज घ्यायचेच असेल, तर ते कमी व्याजाचे असावे आणि त्यातून कार्डाची बाकी पूर्ण फेडून पुढे कार्ड आवरावे.

शिवाय सगळे गणित एका दिवसाच्या चित्रावर चालत नाही. नव्या पद्धतींत मागच्या कित्येक महिन्यांची बाकी कशी चढली-उतरली हेही पाहिले जाते. तिथे एका पंधरवड्याची डागडुजी पुरत नाही, सहा-आठ महिने तीच सवय ठेवावी लागते. आणि मोठ्या रकमेच्या कर्जाला बँक खात्याचा उतारा मागतेच. त्यात सगळे दिसते.

मेसेजमध्ये काय असायला हवे

कर्ज नाकारताना कारण लेखी सांगावे, हे बँकांवर बंधन आहे. रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेत ते आधी लहान कर्जांपुरते होते, २००७ मध्ये रकमेची अट काढून सर्व कर्जांना लागू झाले. २००५ च्या कायद्याने अर्जदाराला आणखी एक हक्क दिला : बँकेने आपल्याविषयी मागवलेल्या माहितीची प्रत तो बँकेकडे मागू शकतो. त्याखालच्या नियमावलीत तर अहवालावरून नकार दिल्यास नेमकी कारणे, त्या अहवालाची प्रत आणि तो देणाऱ्या कंपनीचे नाव-पत्ता तीस दिवसांत लेखी कळवावे, अशी अपेक्षा आहे. ‘लो स्कोअर, हाय युटिलायझेशन’ हे चार शब्द म्हणजे कारणाचे शीर्षक झाले, कारण नव्हे.

म्हणून मेसेज आल्यावर बँकेला ईमेलने तीन प्रश्न विचारावेत. कोणत्या कंपनीचा अहवाल पाहिला? त्यात कोणत्या तारखेपर्यंतची माहिती होती? आणि कोणत्या खात्याची किती मर्यादेपैकी किती बाकी धरून युटिलायझेशन जास्त ठरले? ही तीन उत्तरे मिळाली, की अर्जदाराला लगेच कळते, की आपण दोन आठवडे थांबायचे, नोंदीची दुरुस्ती मागायची, की खरोखरच कर्ज कमी करायचे. बँकेच्या संगणकात ही उत्तरे असतातच, कारण त्यांच्याशिवाय नकार निघालाच नसता. ती त्याच मेसेजमध्ये लिहून पाठवायला बँकेला वेगळा खर्च येणार नाही, आणि ती आली तर निम्मे अर्जदार पाच ॲपवर पाच अर्ज करण्याऐवजी आपले स्टेटमेंट उघडून बसतील.